इंजिनिअर जॉन ग्रेगरीचे पत्नीस पत्र : ९ जुलै १८४५

मराठ्यांच्या इतिहासाची साधने हाताळणाऱ्या अभ्यासकास पत्र आणि बखर यांतील भेद नव्याने सांगावयास नको. बखर घटनेचा शेवट ठाऊक असलेला मनुष्य लिहितो. पत्र लिहिणाऱ्यास पुढचा दिवसही ठाऊक नसतो. पत्राचे प्रामाण्य बव्हंशी या अज्ञानातच आहे. परंतु लेखक त्या प्रवासातून परतला नाही हे एकदा कळले, म्हणजे वाचकाच्या हातून पत्राची नकळत बखर होऊ लागते. साध्या कुशलवार्तेत भविष्याची चाहूल ऐकू येते आणि शेवटच्या नमस्काराला अंतिम निरोपाचे स्वरूप येते. असे एक पत्र घेऊन, त्याच्या लेखनकाळी काय ठाऊक होते आणि मागाहून त्यावर काय चढले, हे वेगळे करून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पत्र जॉन ग्रेगरी याचे आहे. तो इंग्लंडच्या राजनौदलातील ‘एरेबस’ या जहाजावर इंजिनिअर होता. सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे १९ मे १८४५ रोजी थेम्स नदीवरील ग्रीनहाइथ येथून निघाली. अटलांटिकमधून कॅनडाच्या उत्तरेकडील हिमसमुद्रात शिरून पॅसिफिकपर्यंत पोहोचविणारा वायव्य जलमार्ग शोधणे हा त्यांचा हेतु होता. दोन्ही जहाजे शिडांचीच; पण बर्फातून वाट काढण्यास साहाय्य व्हावे म्हणून प्रत्येकीत रेल्वेच्या इंजिनावरून घेतलेले एक लहानसे वाफेचे यंत्र बसविले होते. ते चालविण्यासाठी एकेक इंजिनिअर नेमला गेला. पिढीजात दर्यावर्दी लोकांत हा यंत्रशाळेतील कारागीर वेगळा होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याच्या पत्राचा सूर उमजतो.

हे पत्र घरी पोहोचले याला एक योग कारण झाला. जहाजांबरोबर ‘बॅरेटो ज्युनियर’ नावाचे मालवाहू जहाज ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आले होते. डिस्को उपसागरातील व्हेलफिश बेटांपाशी नांगर टाकून जुलैच्या पूर्वार्धात त्यावरील अन्नसामग्री व कोळसा दोन्ही जहाजांवर चढविण्यात आला. सामान उतरल्यावर ते इंग्लंडला परत फिरणार होते. टपाल धाडण्याची ही अखेरची खात्रीची संधी आहे हे सर्वांनाच ठाऊक असल्याने सेनापतीपासून कारागिरापर्यंत ज्याला लिहिता येत होते तो लिहावयास बसला. ग्रेगरीचे पत्नी हॅना हिला लिहिलेले पत्र ९ जुलैचे आहे. याच मुक्कामातून काही लोकांना घरी पाठविण्यात आले आणि १२९ माणसे पुढे गेली.

आयुष्यात प्रथमच आपण देवमासे आणि हिमनग पाहिले, असे ग्रेगरी पत्नीस कळवितो. मग एडवर्ड, फॅनी, जेम्स व विल्यम या मुलांना नावानिशी प्रेम सांगतो, तान्ह्या बाळाचा आपल्यातर्फे मुका घेण्यास सुचवितो, आणि तेच प्रेम हॅनाने स्वतःही स्वीकारावे असे लिहितो. पाच लेकरे मागे ठेवून निघालेल्या संसारी माणसाचे हे पत्र आहे. त्यात वीरश्री नाही आणि मृत्यूची छायाही नाही.

ती का नाही, याचे उत्तर त्या दिवशीच्या परिस्थितीत सापडते. जहाजांवर तीन वर्षे पुरेल एवढा शिधा होता. नौदल कचेरीने फ्रँकलिन यांना दिलेल्या लेखी आज्ञेत बेरिंगच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडल्यावर सँडविच बेटांवर, म्हणजे आजच्या हवाई बेटांवर, जाऊन विसावा घ्यावा व पनामाच्या वाटेने खबर धाडावी, असे सांगितले होते. तेव्हा ९ जुलैच्या पत्रानंतर दुसरे पत्र यावयाचे ते पॅसिफिककडून, आणि तेही एकदोन वर्षांनी, ही दोन्ही बाजूंची समजूत होती. हॅनाच्या दृष्टीने १८४६ साली पत्र न येणे ही चिंतेची गोष्ट नव्हती. ती ठरलेल्या कार्यक्रमाला धरूनच होती. जुलैअखेर बॅफिन उपसागरात देवमासे धरणाऱ्या दोन जहाजांना ‘एरेबस’ व ‘टेरर’ दिसली. त्यानंतर ती कोणाही युरोपीयाच्या दृष्टीस पडली नाहीत.

अपेक्षित मौन संपून अनिष्ट मौन केव्हा सुरू झाले, हे सांगणारी तारीख घरच्यांपाशी नव्हती. १८४८ पासून शोधार्थ जहाजे निघू लागली. लेडी फ्रँकलिन यांनी पतीस लिहिलेली पत्रे या जहाजांबरोबर गेली आणि न पोहोचता परत आली. १८५० साली बीची बेटावर तीन थडगी सापडली. पहिल्या हिवाळ्यात वारलेल्या तिघांची ती होती. पण उरलेले कोठे गेले याचा मागमूस तेथे नव्हता. अखेर जानेवारी १८५४ मध्ये नौदल कचेरीने जाहीर केले की, ३१ मार्च १८५४ पर्यंत वार्ता न आल्यास दोन्ही जहाजांवरील अधिकारी व खलाशी सेवेत असता मृत्यू पावले असे समजण्यात येईल आणि त्यांचे वेतन त्या दिवसापासून बंद होईल. लेडी फ्रँकलिन यांनी हा निर्णय मानला नाही आणि उघड विरोध केला. त्यांच्यापाशी प्रतिष्ठा होती, पैसा होता, ओळखी होत्या. कारागिराच्या पत्नीस यांपैकी काहीच नव्हते. नवऱ्याचे पगारपत्रकावरील नाव हीच तिच्या लेखी त्याच्या जिवंतपणाची एकमेव सरकारी खूण, आणि ती खूण दिवस ठरवून पुसली गेली. या कुटुंबांपुरता मृत्यूचा दिवस निसर्गाने ठरविला नाही, तो हिशेबखात्याने ठरविला. या सुमारास ९ जुलैच्या पत्राचा अर्थ बदलला असला पाहिजे. जे दोन पत्रांपैकी पहिले म्हणून लिहिले होते ते शेवटचे ठरले. शब्द मात्र तेच राहिले.

ऑक्टोबर १८५४ मध्ये डॉ. जॉन रे यांनी इनुइट लोकांकडून ऐकलेली, उपासमारीने मरणाऱ्या गोऱ्या माणसांची हकीकत लंडनला पोहोचली. १८५९ साली मॅक्‌क्लिंटॉक यांच्या तुकडीस किंग विल्यम बेटावर एक लेखी टिपण मिळाले. त्यावरून कळले की, फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले. बर्फात अडकलेली जहाजे २२ एप्रिल १८४८ रोजी सोडून देण्यात आली. तोवर २४ माणसे मृत्यू पावली होती. आणि उरलेले १०५ जण २६ तारखेस दक्षिणेकडे बॅक नदीच्या रोखाने पायी निघणार होते. टिपणात आकडे आहेत. खलाशांची नावे नाहीत. ग्रेगरी त्या २४ मध्ये होता की १०५ मध्ये, याचे उत्तर लेखी साधनांत मिळणे शक्य नव्हते.

ते उत्तर अगदी निराळ्या साधनाने मिळाले. जहाजे सोडलेल्या जागेपासून सुमारे ७५ किलोमीटर दक्षिणेस, किंग विल्यम बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर एरेबस उपसागर आहे. तेथील एका जागी तिघांचे अवशेष होते. एकोणिसाव्या शतकात ते पाहून पुरले गेले, १९९३ साली पुन्हा आढळले आणि २०१३ साली परीक्षणासाठी बाहेर काढण्यात आले. त्यांपैकी एकाच्या अवशेषांतून डीएनए मिळविण्यात आला. पुरुषाच्या पेशीतील वाय गुणसूत्र बापाकडून मुलग्याकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. तेव्हा मृताचा वंशज शोधावयाचा तर मध्ये एकही मुलगी न येता केवळ मुलग्यांच्याच परंपरेने खाली आलेला पुरुष सापडावा लागतो. ग्रेगरीचा असा पाचव्या पिढीतील वंशज दक्षिण आफ्रिकेत मिळाला. त्याचा नमुना जुळला आणि २०२१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या मोहिमेतील डीएनएवरून ओळख पटलेला हा पहिला मनुष्य. २०२४ साली ‘एरेबस’चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांची ओळख अशाच रीतीने पटली.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. वाय गुणसूत्र कुळ सांगते, व्यक्ती सांगत नाही. ‘एरेबस’वर जॉन व थॉमस हार्टनेल हे सख्खे भाऊ होते. त्यांपैकी जॉन हा बीची बेटावर पुरला गेला हे थडग्यावरील लेखामुळे कळते. केवळ गुणसूत्रावरून दोघा भावांत निवड करता आली नसती. प्रयोगशाळा दोन नमुने जुळले एवढेच सांगते. त्या नमुन्याला नाव देण्यासाठी जहाजाची हजेरीपट, विवाहाची व जन्माची नोंद, घरचा कागद असा लेखी पुरावाच लागतो. ग्रेगरीचे पत्र या पुराव्यातील एक दुवा आहे. हॅनाला लिहिताना त्याने मुलांची नावे ओळीने घातली ती मायेपोटी. अभ्यासकाच्या हाती आज ती त्या घराच्या वंशावळीचे टाचण म्हणून येतात.

आता पत्राकडे परत पाहू. जहाजे सोडणाऱ्या १०५ जणांत ग्रेगरी होता, म्हणजे पत्र लिहिल्यावर तो जवळजवळ तीन वर्षे जिवंत होता, आणि चालू लागल्यावर बहुधा काही आठवड्यांतच पडला, असे म्हणावयास हरकत नाही. या तीन वर्षांत त्याने तीन हिवाळे काढले आणि फ्रँकलिन यांचा मृत्यू झाल्यावरही तो जहाजावर होता. या काळात त्याने हॅनाला दुसरे पत्र लिहिले असेलही. पण ते नेणारे जहाज नव्हते. म्हणून ९ जुलैचे पत्र हे त्याच्या मनाचे अखेरचे चित्र आहे असे मानणे चूक ठरेल. ते त्याला उपलब्ध झालेल्या अखेरच्या टपालाचे चित्र आहे. एप्रिल १८४८ मधल्या, बर्फावरून पाय ओढणाऱ्या ग्रेगरीविषयी ते पत्र काहीच सांगत नाही, आणि त्याने ते सांगावे अशी अपेक्षा आपण करू नये.

ते सांगते ते एवढेच, आणि इतर कोणतेही साधन ते सांगत नाही. १८४५ च्या उन्हाळ्यात ‘एरेबस’वरील एका इंजिनिअरला हिमनगांचे अप्रूप वाटले आणि ते आपल्या बायकोला कळवावेसे वाटले. नौदलाच्या टिपणात तो एक आकडा आहे, हिशेबखात्यात एक बंद झालेले वेतन आहे, प्रयोगशाळेत एक नमुना आहे. परत येऊन मुलांना पुन्हा पाहण्याच्या हिशेबाने बोलणारा मनुष्य म्हणून तो फक्त या पत्रात आहे. त्याच्या मृत्यूची माहिती आता मिळाली आहे. ती पत्राच्या शेजारी ठेवावी, पत्राच्या आत घालू नये.