कारण न्यायाधीशालाही कळू नये?

मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलाला पोलिसांनी उचलले की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "पण का?" साधा वाटणारा हा प्रश्न कायद्यालाही पडतो. तो विचारणेच बंद झाले तर काय होते, याचा एक दाखला आपल्या नागपूरचा आहे. तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून मी इथे मांडतो.

राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे अटक केलेल्याला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगावी लागतात. त्याला पसंतीच्या वकिलाला भेटता येते. चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. २७ जून १९७५ ला राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ साठी कोर्टात दाद मागायचा हक्क स्थगित झाला. ४ जुलैला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाअत-ए-इस्लामी हिंद या दोन्ही संघटनांवर एकाच वेळी बंदी आली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे 'मिसा'खाली तुरुंगात गेली.

मिसा कायद्यात कलम १६अ नव्याने घातले गेले. आणीबाणीच्या कामी स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणे सांगायची गरज नाही, असे त्यात होते. त्याच्या नवव्या पोटकलमाने तर ती कारणे गोपनीय ठरवली. म्हणजे कैद्याला नाहीच, पण त्याची याचिका ऐकणाऱ्या न्यायाधीशालाही ती दाखवायची नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर अशा याचिका आल्या. याचिका ऐकताच येणार नाहीत, हा सरकारचा मुद्दा खंडपीठाने मानला नाही. नवव्या पोटकलमाचा अर्थही त्याने आवरून लावला: कारणे इतरांपासून गुप्त ठेवा, पण कोर्टाला ती बघता आली पाहिजेत. यामागचा विचार मला सरळ दिसतो. कागदच पाहायचा नसेल, तर अटक कायद्याने झाली की कुणाच्या रागापोटी, हे न्यायाधीश कशावरून ठरवणार?

२८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने 'एडीएम जबलपूर' खटल्यात चार विरुद्ध एक मताने हे सगळे उलटवले. नागपूरने लावलेला अर्थही नाकारला गेला. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला तो २०१७ मध्ये.

आज आपण कुठे आहोत? ६ नोव्हेंबर २०२५ ला वरळीच्या अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच लेखी देणे शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावीत, पण कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाही तर अटक आणि कोठडी बेकायदा. अर्थात माणूस सुटला तरी, नंतर लेखी कारणे देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात. त्या खंडपीठावरचे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी नागपूर खंडपीठात वकिली केलेली होती.

कागद हाती आला की एक गोष्ट तपासावी. "कलम ३०३ खाली चोरीसाठी अटक" एवढेच लिहिले असेल तर ते कारण नव्हे, ते फक्त कलम झाले. कोणत्या दिवशी, कुठे, काय केल्याचा आरोप आहे आणि तो याच माणसावर कशावरून, हे त्यात हवे. तो कागद वाचून वकिलाला कोठडीला विरोध करता येतो का, ही त्याची कसोटी.

घरच्यांना कळवण्याचा हक्क मात्र घटनेत शब्दांत लिहिलेला नाही. तो १९९४ चा जोगिंदर कुमार आणि १९९६ चा डी. के. बसू या निकालांतून आला आणि पुढे कायद्यात बसला. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ प्रमाणे नातेवाईक किंवा मित्राला कळवावे लागते, कुणाला कळवले याची ठाण्यात नोंद करावी लागते, आणि ती झाली की नाही हे दंडाधिकाऱ्याने पाहायचे असते. कलम ३८ प्रमाणे चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते, पण पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही.

आता खटकणारा भाग. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे आपल्याकडच्या 'एमपीडीए'सारख्या कायद्याला, वकिलाचा आणि चोवीस तासांचा नियम घटनेनेच लागू केलेला नाही. तिथे कारणे पाच दिवसांत द्यावी लागतात, पण जाहीर करणे लोकहिताचे नाही असे सरकारला वाटेल तो तपशील दडवता येतो. आणखी एक. आणीबाणीनंतरच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ कधीच स्थगित होणार नाहीत अशी तजवीज केली. त्या यादीत २२ नाही. "पण का?" विचारायचा हक्क ज्या कलमात लिहिला आहे, ते कलम आजही त्या कुंपणाबाहेर आहे.