द्वारकेचा वळसा आणि वीस मिनिटांचा शोध

१/ सीबीएसजवळच्या एका औषध-वितरकाकडून पंचवटी कारंजाला तातडीची औषधपेटी पोहोचवायची आहे. मध्ये गोदावरी आहे. कोणत्या रस्त्याने गेल्यास पेटी सर्वांत लवकर पोहोचेल? या प्रश्नाच्या उत्तराची सर्वांत प्रसिद्ध रीत १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये एका उपाहारगृहात सुचली. त्या रीतीची ही कथा.

२/ एड्सगर डायक्स्ट्रा हा तरुण डच संगणकतज्ज्ञ तेथील गणित केंद्रात काम करीत होता. केंद्राच्या नव्या ‘आर्मॅक’ संगणकाचे सामर्थ्य सामान्य लोकांना दाखवायचे होते. वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून थकल्यावर कॉफी घेताना, कागद-पेन्सिल न घेता, सुमारे वीस मिनिटांत त्याने ही रीत मनात रचली. प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्समधील ६४ शहरे घेतली. कारण ६४ शहरांना क्रमांक देण्यास सहा बिटे पुरतात.

३/ रीत थोडक्यात अशी. प्रत्येक चौकापुढे निघाल्यापासूनचा वेळ लिहावा. हा आकडा आरंभी कच्चा असतो. कच्च्या आकड्यांतील सर्वांत लहान आकडा दर वेळी पक्का करावा आणि त्या चौकातून पुढे जाणाऱ्या रस्त्यांमुळे शेजारच्या चौकांचे आकडे कमी होतात का, ते पाहावे. होत असतील तर जुना आकडा खोडावा.

४/ आता नाशिक. मिनिटे उदाहरणापुरती धरलेली आहेत आणि रामवाडीचा पूल सोपेपणासाठी वगळला आहे.
सीबीएस–शालिमार ३
सीबीएस–अशोक स्तंभ ४
शालिमार–रविवार कारंजा ७
अशोक स्तंभ–रविवार कारंजा ३
शालिमार–द्वारका ६
रविवार कारंजा–पंचवटी कारंजा (होळकर पुलावरून) ८
द्वारका–आडगाव नाका ७
आडगाव नाका–पंचवटी कारंजा ४

५/ सीबीएसपुढे ०. शालिमार ३ आणि अशोक स्तंभ ४, दोन्ही कच्चे. लहान ३, म्हणून शालिमार पक्के. तेथून रविवार कारंजा १० आणि द्वारका ९. आता लहान ४, म्हणून अशोक स्तंभ पक्का. तेथून रविवार कारंजा ४ + ३ = ७; आधीचे १० खोडले. शालिमार जवळचे, म्हणून त्याच वाटेने पुढे जाणारा येथेच तीन मिनिटे गमावतो.

६/ रविवार कारंजा ७ वर पक्का; तेथून पंचवटी कारंजा १५, कच्चा. द्वारका ९ वर पक्की. तेथून आडगाव नाका १६. आता सर्वांत लहान आकडा १५ आहे, म्हणून पंचवटी कारंजा पक्का. मार्ग ठरला: सीबीएस, अशोक स्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल, पंचवटी कारंजा.

७/ पक्का आकडा पुन्हा का बदलत नाही? उरलेली प्रत्येक वाट आधीच तेवढी किंवा त्याहून लांब झालेली असते आणि पुढचा कोणताही रस्ता मिनिटे कमी करीत नाही. एखाद्या रस्त्याचे मूल्य ऋण असते, तर हा आधारच ढासळला असता.

८/ आता पावसाळा. गोदेचे पाणी दुतोंड्या मारुतीला किती चढले, हे पाहायला गर्दी लोटली आणि पूल ओलांडण्याच्या टप्प्याला ८ ऐवजी १५ मिनिटे लागू लागली, असे धरू. रविवार कारंजा अजूनही ७ वर पक्का होतो आणि पंचवटी कारंजापुढे २२ लिहिले जातात. पुष्कळांची चूक येथेच होते: मुक्कामाला आकडा मिळाला म्हणून ते थांबतात.

९/ पण २२ कच्चेच आहेत. द्वारका ९ वर पक्की होते, आडगाव नाका १६ वर, आणि तेथून पंचवटी कारंजा १६ + ४ = २०. बावीस खोडले जातात. एरवी उगाच लांबचा वाटणारा द्वारकेचा वळसा त्या दिवशी पेटी दोन मिनिटे आधी पोहोचवतो. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: थांबतेवेळी मुक्कामाच्या आकड्याहून लहान असा एकही कच्चा आकडा शिल्लक असता कामा नये.

१०/ या रीतीची मर्यादाही स्पष्ट आहे. ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा मार्ग देते. पाच दुकानांना औषधे द्यायची असतील, तर आधी कोणाकडे जावे हा क्रम ती ठरवीत नाही. पाच दुकानांचे १२० क्रम होतात; त्यांतून निवड करणे हा वेगळा आणि पुष्कळ अवघड प्रश्न आहे.

११/ डायक्स्ट्राने ही रीत १९५९ मध्ये अवघ्या तीन पानांच्या टिपणात प्रसिद्ध केली. कागद-पेन्सिल हाती नसल्याने टाळता येण्याजोगी सारी गुंतागुंत टाळावीच लागली, असे तो पुढे सांगत असे. म्हणूनच सात चौकांचे हे गणित आजही वहीच्या एका पानावर मावते.