कंसातील क्रियापद आणि उताऱ्यातील खुणा

कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहिण्यापूर्वी संपूर्ण उतारा वाचणे आवश्यक ठरते. उदाहरणार्थ, पुढील उतारा पाहावा:

‘पिंपळगाव राजाची सुमन पहाटे (उठणे). तिने चार भाकऱ्या (भाजणे). ती थांब्यावर पोहोचली, तेव्हा खामगावची एसटी नुकतीच (जाणे).’

पहिल्या वाक्यात ‘उठते’, ‘उठली’, ‘उठेल’ ही तिन्ही रूपे शोभतात. निर्णय पुढील वाक्ये देतात. ‘तिने’मधील ‘ने’ आणि ‘पोहोचली’ यांवरून ही घडून गेलेली हकीकत असल्याचे कळते, म्हणून ‘उठली’.

दुसऱ्या जागी कर्ता एकवचनी पाहून ‘भाजली’ लिहिण्याची चूक संभवते. हा कर्मणी प्रयोग असल्याने क्रियापद ‘भाकऱ्या’ या कर्माप्रमाणे चालते, म्हणून ‘भाजल्या’. पडताळ्यासाठी सुमनच्या जागी गणपत घ्यावा. ‘उठली’चे ‘उठला’ होते, ‘भाजल्या’ मात्र बदलत नाही.

तिसऱ्या जागी नुसते ‘गेली’ लिहिल्यास सुमन पोहोचल्यावर गाडी सुटली, असाही अर्थ निघतो. ‘नुकतीच’ हा शब्द गाडी आधीच सुटल्याचे सांगतो. त्यामुळे तेथे पूर्ण भूतकाळातील ‘गेली होती’ हेच रूप योग्य होय.