आषाढ म्हणजे जुलै?

नातू विचारतो, “आजोबा, आषाढ म्हणजे जुलै ना?” साधारण जून-जुलै, माउली! पौर्णिमेचा चंद्र पूर्वाषाढा-उत्तराषाढा नक्षत्रांजवळ येतो, म्हणून तो आषाढ. तसाच कृत्तिकांवरून कार्तिक. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. पण चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून एकादशी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते. २०२२ साली आषाढी १० जुलैला होती, २०२३ साली २९ जूनला. पुढे अधिक श्रावण आला आणि २०२४ ची आषाढी १७ जुलैला गेली. अधिक मास नसता तर वारी सरकत सरकत थंडीतही गेली असती. गंमत अशी की, पंचांगात आषाढ ग्रीष्म ऋतूतच मोडतो. वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपदाचा. पेरणी उरकून निघालेला वारकरी मात्र वाटेत भिजतोच.