पाइपलाइनमधील लेटन्सी, थ्रूपुट आणि इनिशिएशन इंटरव्हल

पाइपलाइन पद्धतीच्या डिजिटल रचनेचा वेग सांगणारी तीन मापे. एका कामाला सुरुवातीपासून शेवटापर्यंत लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. एक काम आत घेतल्यापासून दुसरे आत घेईपर्यंतचे अंतर म्हणजे इनिशिएशन इंटरव्हल. ठरावीक वेळेत पूर्ण होणाऱ्या कामांची संख्या म्हणजे थ्रूपुट.

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतली शिलाईची लाइन घ्या. हिशेबापुरते धरू, की खिसे २ मिनिटे, चेन २, बाजूची जोड ४, पट्टा ३ आणि मोहरी १ मिनिट. एका पँटची लेटन्सी १२ मिनिटे. बाजूच्या मशीनवर ४ मिनिटे जातात, म्हणून नवा पीस दर ४ मिनिटांनीच लाइनीत घ्यायचा. तासाला १५ पँट निघतात. ५० पँटना १२ + ४९ × ४ = २०८ मिनिटे लागतील. पीस दर २ मिनिटांनी सोडले, तर बाजूच्या मशीनपुढे थप्पी वाढते: प्रत्येक पँट रेंगाळते, उत्पादन मात्र १५च राहते. तिथे दुसरे मशीन आणि कारागीर दिला, की पट्टा सर्वांत संथ ठरतो. अंतर ३ मिनिटांवर येते, तासाला २० पँट निघतात, पण लेटन्सी १२ मिनिटेच राहते.

चिपमध्ये सगळे टप्पे एकाच क्लॉकच्या ठोक्यावर पुढे सरकतात, त्यामुळे ठोका सर्वांत संथ टप्प्याला पुरेल इतका लांब ठेवावा लागतो. मूळ लाइन तशी चालवली, तर पाच टप्प्यांना प्रत्येकी ४, म्हणजे २० मिनिटे. पाइपलाइनने लेटन्सी कमी होते हा समज इथेच चुकतो. बहुधा ती थोडी वाढते.

खरी अडचण येते ती आधीच्या कामाच्या उत्तरावर पुढचे काम अवलंबून असते तेव्हा.

```
for (int i = 0; i < 1000; i++) {
#pragma HLS PIPELINE II=1
    s += x[i];
}
```

`s` हा `float` असून बेरजेला ४ ठोके लागतात असे धरू. पहिली बेरीज हाती आल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही, म्हणून दर ठोक्याला नवे काम मागूनही HLS साधनाच्या अहवालात इंटरव्हल ४ दिसतो आणि एकूण ४ + ९९९ × ४ = ४००० ठोके जातात. जास्तीचे बेरीज-यंत्र इथे कामाचे नाही, कारण आहे तेच यंत्र बहुतेक वेळ रिकामे असते. उपाय म्हणजे चार वेगवेगळ्या बेरजा आळीपाळीने चालवायच्या. मग इंटरव्हल १ होतो, १००३ ठोक्यांत चारही तयार होतात आणि त्या एकत्र करायला आणखी ९ ठोके पुरतात. २०० मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकवर थ्रूपुट सेकंदाला ५ कोटी बेरजांवरून २० कोटींवर जाते. मात्र `float` संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलला, की शेवटच्या अंकांत फरक पडू शकतो. म्हणूनच साधने हा बदल सहसा आपणहून करत नाहीत, तो रचनाकाराने ठरवायचा असतो.