ग्रहणात मंदिर कधी बंद, जेवण कधी? वेळापत्रक असे वाचा

7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणाआधी व्हॉट्सॲपवर वेळांचे मेसेज फिरू लागले. कुठे वेध दुपारी 12:37 पासून, कुठे 12:57 पासून. तिरुपतीचं मंदिर मात्र दुपारी साडेतीनला बंद होणार होतं. मग खरी वेळ कोणती?

आधी ग्रहणाची वेळ पाहू. भारतात चंद्राला गडद सावली लागली रात्री 9:57 ला. हा स्पर्श. ती पूर्ण सुटली 1:27 च्या सुमारास. हा मोक्ष. काही मेसेजमध्ये सुरुवात 8:58 दिली होती. ती फिकट उपछायेची वेळ, पंचांगात ती धरत नाहीत.

चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी लागतात. प्रहर म्हणजे सरसकट तीन तास धरले की 9:57 मधून नऊ तास वजा होऊन 12:57 येतात. पण प्रहर हा दिवसाचा किंवा रात्रीचा चौथा भाग असतो. त्या दिवशी मुंबईत सूर्योदय 6:26 ला आणि सूर्यास्त 6:49 ला होता, म्हणजे दिवसाचा प्रहर साधारण 3 तास 6 मिनिटांचा. ग्रहण रात्रीच्या दुसऱ्या प्रहरात लागलं. त्याआधीचे तीन प्रहर मोजले की दिवसाच्या तिसऱ्या प्रहराच्या सुरुवातीला, म्हणजे 12:37 ला पोहोचतो. वीस मिनिटांचा घोळ एवढाच!

मंदिराची वेळ यापेक्षा वेगळी असू शकते, कारण ती देवस्थानच्या प्रथेनुसार ठरते. तिरुमलात ग्रहणाच्या सुमारे सहा तास आधी दार बंद करण्याची रीत आहे. त्यानुसार मंदिर दुपारी 3:30 ला बंद झालं आणि पहाटे 3 ला उघडणार होतं. पण दार उघडलं म्हणजे लगेच दर्शन नाही. आधी शुद्धी आणि पुण्याहवाचन, मग सकाळी 6 पासून दर्शन, असं वेळापत्रक होतं. अन्नप्रसाद तर 8:30 नंतर. पहाटे रांगेत उभं राहणाऱ्याने ही शेवटची ओळ आधी वाचायला हवी. आणि हे सगळीकडे लागू नाही. त्याच आंध्रातलं श्रीकाळहस्ती मंदिर ग्रहणातही उघडं असतं.

घरी काय? वेध पाळणारे 12:37 पूर्वी जेवण उरकतात. वेधात पाणी चालतं, ग्रहण सुरू असताना तेही घेत नाहीत. मोक्षानंतर अंघोळ करून खाता येतं. दूध, लोणच्यात तुळशीपत्र किंवा दर्भ ठेवतात. मुलं, वृद्ध, आजारी आणि गरोदर स्त्रियांसाठी वेधाचा काळ कमी करून तो एका प्रहराच्या आसपास धरतात.

ग्रहणामुळे अन्न दूषित होतं, याला वैज्ञानिक आधार नाही. दुपारी केलेला भात रात्री दीडपर्यंत बाहेर राहिला तर तो खराब होऊ शकतो, पण ते उकाड्यामुळे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जेवणाची वेळ चुकवू नये; साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते.




मेसेज पुढे पाठवण्याआधी तारीख आणि वर्ष मात्र बघा. जुन्या ग्रहणाचं वेळापत्रक नव्या ग्रहणाला पुन्हा फिरतं.