नुकसान झाल्यावरचे तत्त्व आणि शंका असतानाचे तत्त्व

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. 1988च्या सुमारास तेथे एच-आम्ल तयार होऊ लागले. हे रंगनिर्मितीला लागणारे मधले रसायन नॅफ्थॅलीनपासून बनते. प्रक्रियेत लोखंडाचा कीस लागतो आणि शेवटी उरलेले आम्ल चुन्याने मारावे लागते. त्यामुळे एक लोहयुक्त आणि एक जिप्समयुक्त असा दोन प्रकारचा गाळ मागे राहतो. बिछडीत सुमारे 375 टन एच-आम्ल तयार झाले आणि त्यासोबत सुमारे 2440 टन गाळ. म्हणजे एक टन मालामागे साडेसहा टन घाण! सांडपाणी वेगळेच. पावसाने गाळातील विषारी द्रव्ये मातीत झिरपली आणि विहिरींचे पाणी तपकिरी झाले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, पाहणी करून सुमारे 350 हेक्टर जमीन दूषित झाल्याचे सांगितले. न्यायालयाने फेब्रुवारी 1996मध्ये निकाल दिला, तो 'प्रदूषण करणाऱ्याने भरावे' या तत्त्वावर. हे तत्त्व 1972मध्ये पाश्चात्त्य देशांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने मांडले, तेव्हा ते निव्वळ अर्थशास्त्राचे होते. प्रदूषण रोखण्याचा खर्च सरकारी अनुदानातून न भागवता मालाच्या किमतीत दिसावा, एवढाच त्याचा हेतू होता. आपल्या न्यायालयाने ते पुढे नेले. पीडितांना भरपाई देणे पुरेसे नाही. माती आणि भूजल पूर्वस्थितीला आणण्याचा खर्चही कारखानदाराचाच. त्याने काळजी घेतली होती की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

येथे विज्ञानाकडून काय मागितले गेले ते पाहा. गाळ कोणता, तो कोठून आला, किती जमीन बिघडली, ती सुधारायला किती पैसे लागतील? हे सारे मोजता येते, कारण नुकसान समोर आहे. पण मोजणी झाली म्हणून पैसे येतातच असे नाही. कारखानदार अर्जांमागून अर्ज करीत राहिले. अखेर जुलै 2011मध्ये न्यायालयाने 37.385 कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा बजावला. तोवर पंधरा वर्षे गेली होती.

आता हैदराबादला जाऊ. उस्मानसागर आणि हिमायतसागर या शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावांच्या दहा किलोमीटरच्या आत एरंडेलापासून रसायने बनवणारा कारखाना निघणार होता. उपपदार्थांत वापरून झालेला निकेल उत्प्रेरक होता. प्रदूषण मंडळाने परवानगी नाकारली. कंपनीचे म्हणणे, आमच्या प्रक्रियेत तलावाला धोका नाही. अपिलात आणि उच्च न्यायालयातही ती जिंकली. मृत मासा नाही, बिघडलेली विहीर नाही, मोजायचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1999मध्ये या प्रकरणात 'सावधगिरीचे तत्त्व' उलगडून सांगितले. जर्मनीच्या पर्यावरण धोरणात 1970च्या दशकात रुजलेले हे तत्त्व 1992च्या रिओ जाहीरनाम्यात आले. हानी गंभीर किंवा कायमची असू शकत असेल, तर वैज्ञानिक खात्री नाही या सबबीवर उपाय लांबणीवर टाकता येत नाहीत. शिवाय सिद्ध करण्याचा भार फिरतो. धोका आहे हे मंडळाने दाखवायचे नसते. धोका नाही हे बदल करू पाहणाऱ्याने दाखवायचे. तज्ज्ञांची मते मागवून डिसेंबर 2000मध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली. (आम्हा संशोधकांना हे जरा जड जाते. पुराव्याशिवाय विधान करू नये असे शिकलेलो. येथे पुराव्याचा अभावच एका पक्षाविरुद्ध जातो.)

विद्यार्थ्यांची गल्लत होते ती मिश्र प्रकरणात. तामिळनाडूतील पालार नदीकाठच्या चर्मोद्योगांचा ऑगस्ट 1996चा निकाल घ्या. त्यात दोन्ही तत्त्वांची नावे आहेत, त्यामुळे 'हे कोणत्या तत्त्वाचे उदाहरण?' असा प्रश्न विचारणेच चूक. एकेक आदेश सुटा करावा. खराब झालेल्या शेतीचे मोल ठरवून ते चर्मोद्योगांकडून वसूल करा, हा पहिल्या तत्त्वाचा आदेश. नदीपासून एक किलोमीटरच्या आत असे नवे कारखाने नकोत, हा दुसऱ्याचा. तेथे प्रत्येक कारखान्याची हानी सिद्ध होण्याची वाट पाहिलेली नाही.

मग चालू कारखान्यांनी सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा बसवावी, हा आदेश कोणत्या खान्यात? आपले न्यायालय प्रदूषणाला आधीच पायबंद घालणे हे सावधगिरीच्याच तत्त्वात धरते. मला मात्र येथे काटेकोर राहावेसे वाटते. कातडी कमावल्यानंतरच्या पाण्यातील क्षार आणि क्रोमियम काय करतात हे ठाऊक होते, शंका नव्हतीच. ज्ञात हानी टाळणे हा साधा प्रतिबंध झाला. वर्गात हा आदेश मुद्दाम शेवटी द्यावा आणि मुलांना त्यावर भांडू द्यावे.